उभं पाणी

उत्तम नाखव्याला ऊन आवडत नसे, आणि गेली बावीस वर्षं तो उन्हाचाच धंदा करत होता.

बिल्डिंग अजून नकाशातच असते, पण ती विकायची असते. लोक नकाशावर पैसे टाकत नाहीत, चित्रावर टाकतात. ते चित्र काढणारी माणसं ठाण्यापासून कल्याणपर्यंत मिळून सातआठ होती. आर्किटेक्टच्या ऑफिसांत त्यांना पर्स्पेक्टिव्हवाले म्हणत. उत्तम त्यांतला सगळ्यांत चांगला, निदान त्याचं स्वतःचं मत तसं होतं. ते खोडून काढण्याइतकं चित्रातलं कळणारा माणूस त्याला अजून भेटला नव्हता.

वागळे इस्टेटमध्ये एका बंद पडलेल्या छापखान्याचा पोटमाळा त्याने भाड्याने घेतला होता. उतरता बोर्ड, टी-स्क्वेअर, पोस्टर कलरच्या बाटल्या, आणि कॉम्प्रेसरला जोडलेली एअरब्रश. कॉम्प्रेसर चालू झाला की खालचा वॉचमन झोपेतून उठून बसे. इथे बसून त्याने शेकडो इमारतींवर एकच निळं आकाश पसरलं होतं. डावीकडून पंचेचाळीस अंशांत पडणारं ऊन, छज्ज्याखाली कातरल्यासारखी सावली, दारात न परवडणारी गाडी आणि डोंबिवलीत कधीही न उगवलेली झाडं. बाल्कनीत गोरी बाई. सगळ्या इमारतींत तीच बाई. एकदा एका आर्किटेक्टने तिच्या हातात तुळशीला पाणी घालायचा तांब्या द्यायला सांगितलं. उत्तमने दिला. माणसं दगडासारखी मूर्ख असतात आणि त्यांचे पैसे मात्र खरे असतात, हे त्याला चेंदणीच्या कोळीवाड्यातून आर्ट स्कूलला गेल्यावर दुसऱ्याच वर्षी कळलं होतं.

लोकांना दिसत नाही, हे त्याचं लाडकं वाक्य. चहाच्या टपरीवर, आर्किटेक्टच्या वेटिंगरूममध्ये, बायकोच्या माहेरी, सगळीकडे तो ते बोलायचा. "डोळे सगळ्यांना असतात. दिसत कुणाला नाही." बायको सरस्वती एकदा म्हणाली, "तुम्हाला दिसतं ना, मग बोला की काहीतरी." तो बोलला नाही. दिसणं हे त्याच्या मते पुरेसं काम होतं.

एक्याण्णव सालच्या ऑगस्टमध्ये आर्किटेक्ट गुरुदत्त दाबक्यांनी त्याला बोलावलं. ठाण्यात नौपाड्याला त्यांचं ऑफिस. उत्तमचं बारा आण्यांहून जास्त काम त्यांच्याकडूनच येई. गोरेपान, सौम्य, शुद्ध बोलणारे. खोटं बोलतानाही व्याकरण न चुकवणारे.

"उत्तमराव, या वेळी ऊन नको," ते म्हणाले. "पाऊस हवा."

उत्तमने मान वर केली. बावीस वर्षांत हे वाक्य त्याने ऐकलं नव्हतं.

डोंबिवलीच्या पूर्वेला, रस्ता संपतो त्याच्याही पुढे, बिल्डर जगनशेठची मृगधारा नावाची चार मजल्यांची इमारत उठायची होती. पण गावात बोललं जात होतं की तो प्लॉट पावसात बुडतो. दसऱ्याला बुकिंग उघडायचं, आणि लोकांच्या डोक्यात पाणी बसलेलं. फोटो काढून दाखवावा तर बिल्डिंगच नाही. तेव्हा जगनशेठला युक्ती सुचली होती: चित्रातच पाऊस पाडायचा. धो धो पाऊस आणि मधोमध मृगधारा, ऐटीत उभी, फरशी धुतल्यासारखी चकचकीत.

"म्हणजे पावसाची भीतीच मोडली," दाबके म्हणाले. "कल्पना ग्राम्य आहे, पण चूक नाही. तुम्ही एकदा जागा पाहून या."

जागा बघायला तो गेला त्या दिवशी पाऊस थांबून दोन दिवस झाले होते. रिक्षावाल्याने दोन फर्लांग अलीकडेच सोडलं. "पुढे नाही जात, साहेब. सायलेन्सरमध्ये पाणी जातं." चिखल तुडवत तो पोचला. पूर्वीची भातखाचरं, त्यांच्यावर मुरमाची भर घातलेली, तीही मधोमध खचलेली. कडेला नाला. विजेच्या खांबावर चिखलाची सरळ रेघ, उत्तमच्या मांडीपर्यंत. साइटचा वॉचमन देवराम खाटेवर बसला होता, आणि खाटेचा प्रत्येक पाय चार विटांवर.

"दर साली दोन-तीनदा येतं," देवराम तंबाखू मळत म्हणाला. "पावसाचं नाही हो. खाडीला मोठी भरती आली की नाला उलटा वाहतो. वरून पाऊस आणि खालून नाला. मग मी खाटेवर आणि कुत्रा माझ्या मांडीवर."

उत्तमला समजावून सांगायची गरज नव्हती. तो खाडीवर वाढलेला. अमावास्या-पौर्णिमेला पाणी कुठवर चढतं, ते त्याच्या बापाला घड्याळ न बघता कळायचं. त्याने खांबावरची रेघ नीट पाहिली, जगनशेठच्या कल्पनेला मनात एक शिवी दिली, आणि बिल्डिंग कुठल्या कोनातून दाखवायची ते ठरवून परत आला. बुडणार ते बुडणार. घर घेणाऱ्या माणसाने एकदा पावसात इथे येऊन उभं राहावं एवढंही ज्याला सुचत नाही, त्याच्या पलंगाखाली पाणी शिरलं तर उत्तमने का हळहळावं?

आठ दिवसांनी शेवंती आली.

शेवंती त्याची धाकटी बहीण, कल्याणजवळच्या मोहने गावात दिलेली. नवरा धाकू तिथल्या कारखान्यात होता, तो आता निवृत्त झाला. दम्याचा माणूस, दोन जिने चढला की भिंत धरून उभा राहायचा. कारखान्याची खोली सोडायची होती. ती पोटमाळ्यावर आली, बोर्डावरच्या पेन्सिलच्या रेघा पाहिल्या आणि म्हणाली,

"दादूस, आमीपन घर बघितलाय. डोंबिवलीला. तळमजल्याचा. यांना चढायला नको."

"कुठे डोंबिवलीला?"

"मृगधारा. पेपरात आलाय. दसऱ्याला पैसं भरायचं."

बोर्डावर मृगधाराच होती. उत्तम बोर्डाकडे बघतच राहिला. मग त्याने पेन्सिल तासायला घेतली.

"सगळा पैसा तिथेच टाकणार?"

"मग? कारखान्याचा जेवढा मिळाला तेवढा. दुसरा हाय काय?" ती हसली. "तुना काय वाटतंय?"

आता बोलायचं होतं. वाक्य लहानच होतं: शेवंते, तिथे मांडीएवढं पाणी येतं. पण शेवंतीला तो ओळखत होता. तिने ऐकलं की ती थेट जगनशेठच्या ऑफिसात जाऊन, माझा भाऊ बोलला, म्हणून कमरेवर हात ठेवून उभी राहिली असती. तिथून ते दाबक्यांच्या कानावर जाणार, आणि नौपाड्याचा जिना त्याला कायमचा बंद. पेन्सिलीचं टोक मोडलं. त्याने ती पुन्हा तासली.

"दसऱ्याला मी असेन तिथे," तो म्हणाला. "बिल्डिंगचं चित्र लावणार आहेत. पैसे भरायच्या आधी ते बघ. नीट बघ."

"तूच काढतंस ना? मग चांगलाच असंल."

"नीट बघ म्हणतोय मी."

ती गेल्यावर त्याला स्वतःचं कौतुक वाटलं. बोलायची गरजच काय? ज्याला डोळे आहेत त्याला दिसेल. आणि शेवंती तर खाडीची पोर.

कागद भिजवून, बोर्डाला कडेने गोंदपट्टी मारून ताणला, आणि त्याने आकाश घातलं. ओल्यावर ओलं: करडा, त्यात किंचित विटकरी, वर दाट, खाली क्षितिजाकडे उजळ. ढगाळ दिवसाला सूर्य नसतो, सगळं आभाळच दिवा असतो. म्हणून कातरलेली सावली एकही नाही. छज्ज्याखाली, जिन्याच्या तोंडाशी आणि गाडीच्या पोटाखाली फक्त काळोख साठतो, तो कडेला विरत जातो. त्याने तो काळोख ओल्या ब्रशने विरघळवला. भिंती एक छटा गडद केल्या, कारण भिजलेली वस्तू काळवंडते. दुसऱ्या मजल्याच्या दोन खिडक्यांत पिवळा दिवा लावला. बाल्कनीतल्या बाईला त्याने या वेळी घरात पाठवलं.

मग रस्ता. ओल्या रस्त्याला स्वतःचा रंग थोडाच असतो. लांबवर तो आभाळ दाखवतो, म्हणून उजळ. पायाशी डांबर दिसतं, म्हणून काळा. आधी ती छटा घालून, कागद दमट असतानाच, चपट्या ब्रशने इमारतीचे रंग सरळ खाली ओढायचे. सरळ खालीच; रस्ता कुठेही वळो, प्रतिबिंब वळत नाही. भिंत रस्त्याला जिथे टेकते तिथून, जेवढी वर तेवढीच खाली. पण रस्ता खडबडीत, म्हणून कडा टिकत नाहीत. खिडकीची चौकट राहत नाही, तिचा उजेड तेवढा लांब सांडतो. उजळ ते थोडं मंद होतं, गडद ते थोडं फिकं. मधे मधे कोरड्या ब्रशचा आडवा फटकारा, म्हणजे प्रतिबिंब तुटतं आणि डोळ्याला ओल पटते.

असा रस्ता त्याने चार दिवसांत केला. आयुष्यातलं पहिलं चित्र, ज्याची त्याला लाज वाटली नाही. ते तो दाबक्यांकडे घेऊन गेला.

दाबक्यांनी ते लांब धरलं, जवळ धरलं. "सुंदर आहे. पण खाली जरा गढूळ नाही वाटत? बिल्डिंग दिसतच नाही खाली."

"रस्ता आहे, सर. रस्त्यात बिल्डिंग दिसत नाही. ओल दिसते."

"जगनशेठना आरसा हवाय हो. बिल्डिंग वर, बिल्डिंग खाली. एका चित्रात दोन. तो म्हणतो, पब्लिकला डबल वाटलं पाहिजे." दाबके हसले. आपण जगनशेठपेक्षा वेगळे आहोत, एवढं दाखवण्यापुरतंच.

"आरसा करायचा तर पाणी साचवून उभं करावं लागेल," उत्तम म्हणाला.

"करा ना. चित्रच आहे."

इथे दुसरा कुणी असता तर अडला असता. उत्तमच्या मनात मात्र दार उघडल्यासारखं झालं. हे लोक स्वतःच्या तोंडाने पाणी दाखवायला सांगत होते. त्याने चित्र परत नेलं, रस्त्याचा भाग ओल्या स्पंजाने पुसून काढला, आणि रस्त्याच्या जागी पाणी घातलं.

या वेळी ब्रशचा माग ठेवला नाही. छटा सपाट. वाळल्यावर रूलिंग पेनने प्रतिबिंबाच्या कडा धारदार ओढल्या: खिडक्या, ग्रिल, गच्चीची टाकी. बाल्कन्यांची पोटं, जी वरून पाहणाऱ्याला दिसत नाहीत, ती पाण्यात दिसायला हवीत, तीही दाखवली. फूटपाथची कड त्याने पुसून टाकली. रस्ता, फूटपाथ, आवार सगळं एकाच सपाटीला, आणि प्रतिबिंब सुरू होतं ते थेट तळमजल्याच्या दुसऱ्या पायरीपासून. पहिली पायरी नाहीच. शेवटी, पायरीभोवती आणि गेटपाशी, त्याने बारीक ब्रशने पावसाच्या थेंबांची वलयं काढली. जवळची जरा फुगीर, लांबची चपटी होत गेलेली. ओल्या डांबरावर थेंब फुटतो, पांढरा तुषार उडतो आणि संपतो. वलय उठायला खाली पाणी लागतं.

झालं. घोटाभर पाण्यात उभी बिल्डिंग. कागदावर लिहून दिल्याइतकं स्पष्ट.

दाबके म्हणाले, "अप्रतिम." जगनशेठ म्हणाला, "पेंटर, हे पाहिजे होतं मला. काय शाइनिंग मारतोय." छापखानेवाला म्हणाला, असा ग्लॉसी पेपर वापरू की बोट लावलं तर ओलं लागेल. एकाच्याही तोंडून पाणी हा शब्द आला नाही. उत्तम नौपाड्याचा जिना उतरताना खूष होता. लोकांचा इतका शुद्ध तिरस्कार त्याला कित्येक वर्षांत करता आला नव्हता.

दसऱ्याला डोंबिवलीत, स्टेशनजवळच्या एका हॉलमध्ये बुकिंग उघडलं. दाराला झेंडूचं तोरण, टेबलावर पेढे, आणि समोरच्या भिंतीवर चार फुटी फ्रेममध्ये मृगधारा. जगनशेठ सफारीत, शेजारी दाबके. उत्तमला त्याने मुद्दाम बोलावलं होतं. लोकांना आर्टिस्ट बघायला आवडतो.

लोक आले, आणि उत्तमला हवं होतं त्याहून जास्त आंधळे निघाले. बँकेतला एक जण चष्मा पुसून म्हणाला, "वॉव, काय रिफ्लेक्शन आहे." एक बाई मुलीला म्हणाली, "अगं बघ, खिडकीतला दिवापण खाली दिसतो." एका निवृत्त मास्तरांनी शास्त्रीय कुतूहल दाखवलं: प्रतिबिंब उलटं असतं ते बरोबर आहे का? बरोबर आहे, उत्तम म्हणाला. मास्तर समाधानाने पैसे भरायला गेले. तळमजल्याचे दोन फ्लॅट दुपारच्या आत लागले. पावसात बुडतं की काय, असं एकाने विचारलं, तर जगनशेठने नुसतं भिंतीकडे बोट दाखवलं. "हे बघा ना. फुल पाऊस. काय झालंय बिल्डिंगला?" माणूस हसला आणि त्याने खिशातून चेकबुक काढलं.

उत्तम कोपऱ्यात पेढा खात हे बघत होता. त्याला वाटत होतं की तो आयुष्यभर जे म्हणत आला ते आज सिद्ध होतंय.

साडेबाराला शेवंती आली. नवी साडी, केसांत झेंडू, हातात कापडी पिशवी. मागे धाकू, दम खात. तिने भावाला पाहिलं, हसली, आणि त्याने सांगितलं होतं म्हणून आधी चित्रापुढे जाऊन उभी राहिली.

ती बघत राहिली. तिच्या पाठीवरून उत्तमला कळलं. तिची पिशवी पोटाशी आली.

"दादूस," ती वळून म्हणाली, मोठ्याने नाही, पण हॉल लहान होता. "हा पानी उभा हाय."

जगनशेठ टेबलामागून उठला. "काय म्हणता ताई?"

"पानी उभा हाय बोलते. पयली पायरी कुठं गेली?"

"अहो, ताई, पाऊस आहे ना चित्रात. रस्ता ओला आहे. शाइनिंग आहे ती."

"वल्ल्या रस्त्यावर पाऊस फुटतो," शेवंती म्हणाली. तिने फ्रेमच्या काचेवर बोट ठेवलं. "ह्यो गोल बघा. ह्यो बघा, ह्यो बघा. गोल पान्यातच उठतात. आमी खाडीवरची मानसं, आमाला काय सांगता?"

चेक लिहिणारा माणूस थांबला. मास्तरांनी चष्मा चढवला. जगनशेठ हसतच होता, पण मान वळवून कोपऱ्यात बघत होता.

"पेंटर, तुमच्या ताई का ह्या? मग तुम्हीच सांगा. तुम्ही काढलंय. हे काय आहे, रस्ता का पाणी?"

दाबकेही बघत होते. प्लेटमधला पेढा अर्धा होता. सगळ्यांना ऐकू जाईल असा एकच शब्द लागत होता, आणि त्या शब्दासाठी उत्तमने दीड महिना चित्र काढलं होतं.

"ओला रस्ता आहे," उत्तम म्हणाला.

"आणि ह्यो गोल?" शेवंतीने विचारलं.

"चित्रात तसं करावं लागतं. इफेक्टसाठी."

"बघा," जगनशेठ म्हणाला. "आर्टिस्टच सांगतोय."

धाकूने मागून बायकोच्या खांद्याला हात लावला. "चल गो. दादा बोलतो तर खरा असंल. भरून टाकू."

शेवंतीने नवऱ्याचा हात बाजूला केला. ती उत्तमच्या इतकी जवळ आली की त्याला झेंडूचा वास आला, आणि त्या वेळी मात्र ती खरोखर हळू बोलली.

"तुना ठाव होता."

त्याने प्लेटमधल्या पेढ्याकडे पाहिलं.

"मी तुझ्याकडं आलेली. इचारलेला तुना, काय वाटतंय. तवा तू पेन्सिल तासत बसलंस." तिच्या आवाजात राग नव्हता. सडलेली मासळी हातात घेऊन परत ठेवावी तसा आवाज होता. "मी नसती बघितली तर? ह्यांनी भरलंन असतं पैसं तर? तुझा तोंड कुठं गेलेला, दादूस?"

"म्हणून तर तुला म्हटलं, नीट बघ."

"बघितला की," ती म्हणाली. "पानीपन बघितला, तुनापन बघितला."

तिने पिशवी काखेत मारली, धाकूला पुढे घातलं आणि बाहेर पडली. दारातलं तोरण तिच्या डोक्याला लागलं. तिने ते हाताने बाजूला सारलं.

तिला दिसेल याची उत्तमला खात्री होती. तेवढंच तो धरून चालला होता. पाण्याबरोबर तोही दिसेल, हे त्याच्या हिशेबात नव्हतं.

 मग चेक लिहिणारा माणूस मास्तरांना म्हणाला, "कोळी लोक ना, त्यांना सगळीकडे समुद्रच दिसतो." मास्तर हसले. तो माणूसही हसला. त्याने चेकवर सही केली. उत्तमने ते पाहिलं, आणि त्या माणसाला तुच्छ मानायला सवयीने सुरुवात केली. पण आज ते नीट जमेना. पाणी रंगवून त्याला रस्ता म्हणणाऱ्या, हातात पेढा धरलेल्या माणसाने कुणाला तुच्छ मानायचं?

जगनशेठ त्याच्याजवळ आला, पाठीवर थाप मारली. "वाचवलंस, पेंटर. बाई जड होती. ऐक, हायवेला होर्डिंग करायचंय, ह्याच चित्राचं. वीस फूट. पण ते गोल-बिल काढून टाक. परत कुणी खाडीवाली आली तर?"

"गोल काढले तर पाणी मेल्यासारखं दिसेल," उत्तम म्हणाला. धंद्याची सवय तोंडातून बोलून गेली. मग आपण काय शब्द बोललो ते त्याला कळलं.

जगनशेठला कळलं नाही. "मग राहू दे," तो म्हणाला. "तुला जास्त कळतं."

चहा आला. उत्तमने कप घेतला, खुर्ची ओढली आणि भिंतीकडे पाठ करून बसला.